कळावे, लोभ नसला तरी चालेल

आमच्या ऑफिसात मी लेखक समजला जातो, कारण तिथं कुणालाच मराठी येत नाही. मंडळाच्या दिवाळी अंकात माझा लेख छापून आला की तो अंक मी जेवणाच्या खोलीतल्या टेबलावर विसरतो. कुणी उचलून चाळायला लागलं की "अरे, इथं राहिला होय!" म्हणत फोटोचं पान उघडून देतो. अक्षर न् अक्षर परकं असल्यामुळे माझ्या शैलीबद्दल सगळ्यांचं मत अतिशय चांगलं आहे.

त्यामुळे पेरोलच्या जागेसाठी मुलाखती झाल्या, एकाची निवड ठरली आणि उरलेल्यांना तसं कळवायची वेळ आली, तेव्हा आमच्या एचआरच्या बाई माझ्याकडे आल्या, याचं मला नवल वाटलं नाही. मुलाखत घेणाऱ्यांत मी होतोच. "तू लिहितोस ना? मग हे तू लिही," त्या म्हणाल्या. एरवी हे काम करणारा मुलगा रजेवर होता, ही माहिती मला नंतर मिळाली आणि मी ती मनावर घेतली नाही.

मी उरलेल्यांतल्या एकीला लिहायला बसलो. मुलाखतीच्या दिवशी बर्नाबीत पाऊस होता, तो पहिल्या परिच्छेदात आला. दुसऱ्यात उमेदवाराच्या गुणांचं वर्णन आलं. तिसऱ्यात, असा निर्णय घेणं आम्हाला किती जड गेलं, याचं वर्णन आलं आणि त्यात कंपनीचं मन मी इतकं उघडं केलं, की वाचणारीला आमचीच दया यावी. शेवटी आयुष्य, वळणं आणि नवी क्षितिजं होती. व्हँकुव्हरला क्षितिज दिसतं ते उन्हाळ्यात, पण साहित्यात चालतं.

बाई सॅस्कॅचवानच्या. शेतकऱ्याची मुलगी, बोलणं मोजकं. त्यांनी स्क्रीनवर मजकूर वाचला आणि विचारलं, "हिला नोकरी मिळाली का?"

"नाही. तिसऱ्या परिच्छेदात आहे ते."

"म्हणजे दोन परिच्छेद तिला वाटणार, मिळाली."

नंतर त्यांनी जे सांगितलं ते असं. अशी मेल आली की माणूस वाचत नाही, शोधतो. 'हो' की 'नाही' एवढं एक वाक्य तो शोधत असतो. ते सापडेपर्यंतचा प्रत्येक शब्द म्हणजे त्याला ताटकळत ठेवणं, आणि ते सापडल्यावरचे बहुतेक शब्द तो वाचतच नाही. म्हणून निर्णय दुसऱ्या वाक्यात यायला हवा. पहिलं वाक्य आभाराचं, कारण समोरचा माणूस रजा टाकून, इस्त्री करून, स्कायट्रेनने आलेला असतो. पण ते एकच.

विषयाच्या ओळीवरही त्यांचा विचार झालेला होता. मी 'आपल्या अर्जासंबंधी थोडेसे' असं ललित काहीतरी दिलं होतं. त्यांनी 'पेरोल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पदाचा निर्णय' असं केलं. माणूस फोन बघतो तेव्हा कुठे असेल सांगता येत नाही. सध्याच्या नोकरीत साहेबासमोर असेल, मुलाला पोहायला घेऊन गेलेला असेल. ओळीत 'निर्णय' दिसला की उघडायचं ते आत्ता की घरी जाऊन, हे त्याचं त्याला ठरवता येतं. नकार देणाऱ्याच्या हातात नकार गोड करणं नसतं, पण तो कुठे बसून वाचायचा ते निवडायची मोकळीक देणं असतं.

जिच्यासाठी माझं साहित्य चाललं होतं ती उमेदवार पुण्याची. तिकडे एका कारखान्याचा पगारपत्रकाचा सगळा व्याप तिने सांभाळलेला, पीएफ, ईएसआय, फॉर्म सोळा वगैरे. मुलाखतीत आम्ही तिला मुद्दाम बिघडवलेला एक तक्ता दिला, ज्यात कपात झालेली रक्कम आणि सरकारकडे भरलेली रक्कम जुळत नव्हती. तिने तो जुळवलाच, शिवाय चूक कुठल्या महिन्यात शिरली ते बाजूच्या रकान्यात लिहून ठेवलं. मला ती निवडली जावी असं वाटत होतं. पण दिवस नोव्हेंबरचे होते. फेब्रुवारीअखेर प्रत्येक कर्मचाऱ्याचा टी-फोर, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कपातींचा दाखला, सरकारकडे आणि त्याच्या हातात पोचावा लागतो. कुणी नोकरी सोडली की त्याचा आरओई नावाचा कागद सर्व्हिस कॅनडाकडे जावा लागतो, त्यावर त्याचा बेकारी भत्ता अडलेला असतो. नव्या माणसाला शिकवायला आमच्याकडे कुणी नव्हतं. दुसऱ्या उमेदवाराने ही दोन्ही कामं एकहाती केलेली होती. कारण एवढंच होतं आणि खरं होतं.

आता हे कारण लिहायचं कसं? माझ्या मसुद्यात 'कॅनडातल्या अनुभवाचा अभाव' असे शब्द होते. बाईंनी ते वाचलं आणि खुर्चीच ओढून बसल्या.

इथं आलेल्या प्रत्येक मराठी घरात हे शब्द कधी ना कधी ऐकलेले असतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, आणि या चक्रात वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं गोदामात खोकी उचलतात. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने 2013 सालीच धोरण काढून सांगितलं, की सरसकट 'कॅनडातला अनुभव हवा' म्हणणं हा वरवर पाहता भेदभाव आहे. आमच्या ब्रिटिश कोलंबियात 1 जुलै 2024 पासून परदेशी पात्रतेबद्दलचा कायदा लागू झाला, त्यात 29 नियंत्रित व्यवसायांच्या परवान्यासाठी ही अट घालायला मनाई आहे. पेरोलचं काम त्या यादीत नाही. पण जन्मस्थानावरून किंवा मूळ देशावरून नोकरी नाकारू नये, हे प्रांताच्या मानवी हक्क संहितेत आहेच, आणि तक्रारीला वर्षभराची मुदत असते.

"कायदा राहू दे बाजूला," बाई म्हणाल्या, "तिला टी-फोर येत नाही, असं तुला म्हणायचंय ना? मग तेवढंच लिही. टी-फोर शिकता येतो. तू देश लिहिलास तर ती काय शिकणार?"

ही बाई मराठी शिकली तर माझं काही खरं नाही, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.

कारणांबद्दलचं त्यांचं बाकीचं म्हणणंही असंच. कारण द्यायचं तर एकच, आणि तेही कामाशी चिकटलेलं. 'आमच्या संघात बसत नाही' हे सगळ्यांत वाईट, कारण त्यात उमेदवार स्वतःला हवं ते भरतो: माझे उच्चार, माझं आडनाव, माझं वय, माझा डबा. आपल्याकडे स्थळ नाकारताना 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात, त्याच जातीचं हे कारण. देणाऱ्याला सोयीचं आणि घेणाऱ्याला रात्रभर पुरणारं. सांगण्यासारखं खरं कारण नसेल तर कारणच देऊ नये, नुसता निर्णय द्यावा. आणि जे मेलमध्ये लिहायची लाज वाटेल, ते मुलाखतीच्या टिपणांतही नको. ज्या माहितीवरून निर्णय घेतला ती इथल्या खासगी माहितीच्या कायद्याप्रमाणे किमान वर्षभर जपून ठेवावी लागते, आणि उमेदवार स्वतःबद्दलची माहिती मागू शकतो. हे ऐकल्यावर मी माझी टिपणं काढून पाहिली. एकाविषयी मी 'टाय विनोदी' असं लिहिलं होतं. निरीक्षण म्हणून ते चांगलं होतं. पण त्याने ते मागवलं असतं, तर समजावून सांगायला मला त्याच्यासमोर बसावं लागलं असतं, आणि तेव्हा त्याने माझा टाय पाहिला असता.

नकाराच्या कागदाशी माझं नातं जुनं आहे आणि त्याबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. बाई असत्या तर हा भाग खोडला असता. पण त्या मराठी वाचत नाहीत.

सांगलीला कॉलेजात असताना मी मासिकांना कथा पाठवायचो. तेव्हा नियम असा, की साहित्य परत हवं असेल तर आपला पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडायचं. म्हणजे नकाराचा टपालखर्च नाकारला जाणाऱ्याने आगाऊ भरायचा. पाकिटावरचं अक्षरही आपलंच, त्यामुळे पोस्टमनच्या हातात ते लांबूनच ओळखू यायचं, आणि पोस्टमनलाही यायचं. जाड पाकीट म्हणजे परत, पातळ कार्ड म्हणजे स्वीकार. आमचा पोस्टमन सहृदय होता. जाड पाकीट असलं की तो ते शेजाऱ्यांच्या मासिकाच्या अंकाखाली घालून द्यायचा आणि "काही विशेष नाही" असं म्हणायचा, ते शब्दशः खरं असायचं.

आत कथा, आणि कथेला टाचलेली बोटभर लांबीची छापील चिठ्ठी: साभार परत. त्या चिठ्ठीचा मी जितका अभ्यास केला तितका पदवीचा केला नाही. टाचणी नवी आहे की गंजकी? गंजकी असेल तर संपादकांकडे ती बरेच दिवस होती, म्हणजे विचार झाला. कथेची पानं दुमडलीत का? तिसऱ्या पानापर्यंतच दुमडली असतील तर संपादकांना चौथ्या पानावर दम लागला. चहाचा डाग ही तर दादच. एकदा चिठ्ठीच्या कोपऱ्यात शाईने अर्धवट 'प' लिहिलेला सापडला. 'पण' असेल, 'पुढच्या वेळी' असेल, 'प्रतिभा' असेल. तो 'प' मी मित्रांना दाखवत हिंडलो. शेवटी एकाने सांगितलं की पेन चालतं का ते बघितलं असणार.

त्याआधी 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत, कथेत कुठे काय बिघडलंय ते तपशिलाने सांगत आणि पुन्हा लिहून पाठवा म्हणत, ही आमच्यासाठी दंतकथा होती. अशा पत्रांवर लेखक घडले. 'सत्यकथा' 1982 साली बंद झाली, माझ्यापर्यंत पोचायच्या आत. आज मला त्यातला फरक दिसतो. ते लांब पत्र नकाराचं नव्हतंच. 'पुन्हा या' असं सांगणारं होतं, आणि संपादक खरोखर वाट पाहत असायचे. ज्याला पुन्हा बोलावायचं नाही त्याला चिठ्ठीच बरी. मी नोकरीच्या मेलमध्ये नेमकं उलटं करू पाहत होतो. बोलवायचं नव्हतं, पण पत्र मात्र भागवतांचं लिहायचं होतं.

असो. नकाराची मेल ज्या एका शब्दात चुकू नये तो म्हणजे नाव, आणि इथं मराठी माणसाचा विशेष छळ होतो. मी या देशात नवा असताना एका कंपनीकडे अर्ज केला होता. आपल्या सवयीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिलं. त्यांच्या यादीत रकाने सरकले आणि टपालाने उत्तर आलं: प्रिय दत्तात्रय, आपली निवड करता येत नाही याचा खेद वाटतो. दत्तात्रय हे माझे वडील. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन सांगलीला फुलझाडं लावत बसलेले. रविवारच्या फोनवर मी त्यांना सांगितलं, की तुम्हाला व्हँकुव्हरला नोकरी नाकारली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पगार किती देणार होते?" मी आकडा सांगितला. "मग बरं झालं," ते म्हणाले, "आणि मला थंडीही सोसत नाही." पुढे कित्येक दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला, कॅनडातनं आलं होतं, पण जमलं नाही, असं सांगत होते. नकार इतका झेपलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण ते एक पत्र तरी आलं. बाकीच्या ठिकाणांहून काहीच आलं नाही, आणि त्या काही न येण्याबद्दल मला अजूनही विनोद सुचत नाही. इथं येऊन अर्ज करणाऱ्या माणसाच्या घरी एक प्रश्न रोज विचारला जातो: "कळवलं का त्यांनी?" बायको विचारते, आई फोनवर विचारते. मुलाखत चांगली झाली असं आपणच सांगितलेलं असतं. मग "अजून नाही" चे दिवस सुरू होतात, आणि एका दिवसापासून घरचे विचारायचं बंद करतात. नकार पचतो. घरच्यांनी विचारायचं थांबवलं, हे पचत नाही. ज्याच्या वर्क परमिटची मुदत संपत आलेली असते, तो त्या वाट पाहण्यात दुसरीकडे अर्ज करायचा आठवडा घालवतो, तो आठवडा त्याला कुणी परत देत नाही. आणि यासाठी हवी असते एक मेल. ओंटारिओत 1 जानेवारी 2026 पासून, पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली त्याला 45 दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते कळवलंच पाहिजे, असा नियम आला. सौजन्यासाठी कायदा करावा लागतो. आमच्या प्रांतात तसं बंधन नाही. आमच्याकडे बाई आहेत.

कळवायला उशीर होतो तो दुष्टपणामुळेच असं नाही, त्यामागे एक व्यवहार असतो, तोही मला यंदा कळला. निवडलेला माणूस करारावर सही करेपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला कुणी नाही म्हणत नाही. न जाणो, पहिला फिरला तर! त्यामुळे जो अगदी चुकीचा होता त्याला लगेच कळतं, आणि जो थोडक्यात हुकला त्यालाच सगळ्यांत जास्त दिवस गप्प बसवलं जातं. त्याला वाटतं, आपण त्यांच्या खिजगणतीत नाही, आणि खरं तर त्याच्यावाचून त्यांचं अडलेलं असतं. बाईंचा यावरचा उपाय साधा आहे. मुलाखत संपतानाच तारीख सांगायची. त्या तारखेला निर्णय नसेल तर 'निर्णय झालेला नाही, पुढच्या शुक्रवारी कळवतो' एवढी ओळ पाठवायची. आणि पुढच्या शुक्रवारी कळवायचं.

अखेरीस जो मजकूर ठरला तो मराठीत असा:

"मंगळवारी भेटायला आलात त्याबद्दल आभार. पेरोल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. वर्षअखेरचे टी-फोर आणि आरओई स्वतंत्रपणे केलेली व्यक्ती आम्हाला लगेच हवी होती. तक्त्यातली चूक कुठल्या महिन्यातली, हे तुम्ही शोधून लिहिलंत, ते आम्ही तिघांनीही टिपून ठेवलं आहे. काही विचारायचं असेल तर याच पत्त्यावर लिहा, उत्तर मी देईन."

यात माझी वाक्यं किती, असं विचाराल तर तक्त्याबद्दलचं माझं. तेही बाईंनी अर्धं केलं. 'अत्यंत प्रभावी' हे शब्द त्यांनी काढले. इतकी प्रभावी होती तर घेतली का नाही, असं ती विचारील, आणि बरोबर विचारील. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. 'आपला अर्ज आम्ही जपून ठेवू' हे वाक्यही गेलं. ते अर्ज जिथं जपले जातात ते फोल्डर मी पाहिलंय. त्यात गेलेलं कुणी बाहेर आल्याचं ऐकिवात नाही. फोन करावा का, यावर आमचा वाद झाला. मला फोन जास्त आपुलकीचा वाटत होता. बाई म्हणाल्या, फोनवर तिला तुझ्यासाठी हसावं लागेल. मेल वाचताना तोंड कसंही करता येतं. तिला बोलायचं असेल तर ती करील फोन.

शुक्रवारी दुपारच्या आत मेल पाठवायची, हेही ठरलेलं. तिला काही विचारायचं तर ऑफिस उघडं असावं. माझ्या डोक्यात आणखी एक हिशेब होता. पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. आईवडील उठून फोन करेपर्यंत तिला काही तास मिळतात, आणि 'कळवलं का' ला द्यायचं उत्तर जमवायला तेवढे लागतात.

मेल गेली. आपल्या त्या पाच वाक्यांना काय प्रतिसाद येतो, याची मी अत्यंत निर्विकारपणे, दर थोड्या वेळाने इनबॉक्स उघडत, वाट पाहिली. इतकी स्वच्छ, इतकी संयमी मेल तिला आजवर कुणी लिहिली नसणार. काहीतरी त्याबद्दल येईल, निदान 'छान लिहिलंत' एवढं. कुणी नाकारलेल्या माणसाकडून कौतुकाची अपेक्षा करतं का? लेखक करतात.

चारच्या सुमारास उत्तर आलं. दोन ओळी होत्या. टी-फोर आणि आरओई शिकायला कुठला अभ्यासक्रम चालेल, असं तिने विचारलं होतं. मी नॅशनल पेरोल इन्स्टिट्यूटचं नाव कळवलं. आणि दुसरी ओळ अशी: शुक्रवारी कळवतो म्हणाला होतात आणि शुक्रवारीच कळवलंत, आभारी आहे.

मी ती बाईंना दाखवली. "बघ," त्या म्हणाल्या, "तिला आवडली."

तारीख आवडली होती. ती बाईंनी ठरवलेली.